चुकीचा सॉर्ट आणि रिप्लेस दोन दिवसांनी लक्षात आला, तर सहकाऱ्यांचं काम न गमावता शीट पूर्ववत कशी करावी?

प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी साठ्याच्या गुगल शीटमध्ये मी चुकून फक्त नावांचा B कॉलम निवडून सॉर्ट केला. मग C मधली शून्यं काढायची म्हणून त्या कॉलमवर 0 च्या जागी रिकामं असं रिप्लेस चालवलं. एक यादी पेस्ट करताना E मधले काही फॉर्म्युलेही गेले. हे आज सोमवारी कळलं. अनडू काही करत नाही. मधल्या काळात दोघा सहकाऱ्यांनी नव्या नोंदी केल्यात आणि जुन्या बदलल्यात. जुनी आवृत्ती रिस्टोर केली तर त्यांचं काम जाईल. काय करू?

उत्तर:

आधी सहकाऱ्यांना कळवा की पुढचे दोन तास शीटला कोणी हात लावू नका. मगच पुढचं वाचा. शीट चालू राहिली तर तुम्ही दुरुस्त करत असलेलं चित्र तुमच्या हाताखालीच बदलत राहील.

तुम्ही ज्या तीन चुका सांगितल्या त्या इतक्या अवघड नाहीत. शुक्रवारची चांगली अवस्था व्हर्जन हिस्टरीत बहुतेक सापडेलच. अवघड आहे ते वेगळंच. सहकाऱ्यांनी शनिवारपासून जे बदल केले ते बिघडलेल्या शीटकडे बघून केले. ‘बोल्ट ८ मिमी’ शोधून त्यांनी त्या ओळीतला आकडा बदलला असेल, तर ती ओळ मुळात बोल्टची नव्हतीच. म्हणून त्यांचं काम जसंच्या तसं जपणंही चूक आणि सरसकट पुसणंही चूक. ते उचलून योग्य ओळीत न्यावं लागेल.

अनडूचं थोडक्यात सांगतो. गुगल शीट्समध्ये अनडूची साखळी त्या उघड्या टॅबपुरती असते. टॅब बंद केला किंवा पान रीलोड केलं की ती संपते. शिवाय ती फक्त तुमचे स्वतःचे बदल मागे घेते, दुसऱ्याचे नाही. त्यामुळे सोमवारी तुमच्याकडे अनडू नसणारच होतं. पाच मिनिटांत लक्षात आलं असतं तर मात्र `Ctrl+Z` दाबत मागे जाणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय होता. मागे गेल्यावर काहीही टाइप करायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. एक अक्षर जरी टाइप केलं तरी `Ctrl+Y` ने पुढे येण्याचा रस्ता बंद होतो.

आता रिप्लेसकडे या. ‘रिकाम्याच्या जागी परत 0’ असा उलटा रिप्लेस करून बघायचा मोह होईल, पण तो टाळा. `Match entire cell contents` वर खूण नसताना 0 काढलं की आकड्याच्या आतली शून्यंही जातात. २०५ चे २५ होतात, २५० चेही २५ होतात आणि २०५० चेही २५च. आता समोर २५ दिसत असताना मूळ आकडा यातला कुठला होता हे शीटमध्ये कुठेच उरलेलं नाही. ते फक्त जुन्या आवृत्तीत आहे. सॉर्टचंही तसंच. नावं अकारविल्हे लागली की आधीचा क्रम कशावरूनही काढता येत नाही. नशिबाने तुम्ही रिप्लेस C पुरताच ठेवलात. पूर्ण शीटवर चालवला असता तर A मधले १००१ आणि १०१० हे दोन्ही वस्तू क्रमांक ११ झाले असते आणि ओळी जुळवायला काही आधारच उरला नसता.

आता मुख्य काम. आपल्याला शीटच्या तीन अवस्था शेजारी शेजारी हव्यात. तुमच्या चुकांच्या आधीची, चुकांच्या लगेच नंतरची (म्हणजे सहकाऱ्यांनी हात लावण्याआधीची) आणि आत्ताची. बहुतेक लोक पहिली आणि तिसरी एवढ्याच घेतात आणि मग गोंधळतात, कारण त्या दोघींतल्या फरकात तुमची चूक आणि सहकाऱ्यांचं काम एकत्र मिसळलेलं असतं. मधली अवस्था मिळाली की दोन्ही वेगळी होतात. आधी आणि मधली यांतला फरक म्हणजे तुमची चूक. मधली आणि आत्ताची यांतला फरक म्हणजे सहकाऱ्यांचं काम.

`File > Version history > Name current version` वापरून आजच्या अवस्थेला ‘दुरुस्तीपूर्वी सोमवार’ असं नाव द्या. मग `Ctrl+Alt+Shift+H` दाबा. उजवीकडे आवृत्त्यांची यादी उघडेल. त्यासाठी तुम्हाला शीट संपादित करण्याची परवानगी हवी, फक्त बघण्याची असेल तर हिस्टरी दिसत नाही. यादीत दिवसाच्या नोंदीशेजारी छोटा बाण दिसला तर तो उघडा, आत बारीक आवृत्त्या असतात. गुगल अनेक छोटे बदल एकत्र करून एकच आवृत्ती दाखवतं, त्यामुळे बाण न उघडता बघणाऱ्याला हवी ती वेळ सापडत नाही.

योग्य आवृत्ती ओळखायला घड्याळावर विसंबू नका, एखादा साक्षीदार सेल धरा. मूळ क्रमात पहिल्या ओळीत कुठलं नाव होतं ते तुम्हाला आठवत असेल तर B2 बघा. त्यात ते नाव आहे आणि C मध्ये शून्यंही जागेवर आहेत, अशी सगळ्यात अलीकडची आवृत्ती म्हणजे ‘आधी’. नावं सॉर्ट झालेली आहेत, शून्यं गेलेली आहेत, पण शनिवारचा एकही बदल नाही, ती ‘नंतर’. सॉर्ट आणि रिप्लेस तुम्ही पाठोपाठ केले असतील तर ते एकाच आवृत्तीत गुंडाळलेले दिसतील. त्याने बिघडत नाही, दोन्ही चुकांच्या मधली अवस्था आपल्याला नकोच आहे.

इथे `Restore this version` दाबू नका. दोन्ही आवृत्त्यांसाठी तीन टिंबांच्या मेनूतून `Make a copy` निवडा. प्रत्येकीची एक स्वतंत्र फाइल तयार होईल. (चुकून रिस्टोर दाबलंच तर घाबरू नका. मी एकदा घाईत ते दाबून दोघा सहकाऱ्यांच्या सकाळभरच्या नोंदी पडद्यावरून घालवल्या होत्या. रिस्टोर केल्याने नवी आवृत्ती वर चढते, मधल्या आवृत्त्या हिस्टरीतून जात नाहीत. त्या नोंदी तिथेच होत्या आणि परत आल्या. पण तोवरची दहा मिनिटं फार लांब वाटली.)

मग त्या प्रतींमधल्या टॅबवर उजवं क्लिक करून `Copy to > Existing spreadsheet` ने त्या तुमच्या मूळ फाइलमध्ये आणा आणि टॅबना ‘आधी’ व ‘नंतर’ अशी नावं द्या. चालू टॅबचं नाव ‘साठा’ आहे असं धरतो. जुन्या वस्तू ३१२ आहेत, म्हणजे २ ते ३१३ या ओळी, आणि सहकाऱ्यांनी खाली १३ नव्या ओळी जोडल्यात असंही धरतो. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेवढे बदलून घ्या.

‘फरक’ नावाचा नवा टॅब करून त्याच्या दुसऱ्या ओळीत हे लिहा आणि ३१३ व्या ओळीपर्यंत ओढा:

```
=IF(EXACT('साठा'!C2,'नंतर'!C2),"","बदल")
```

साधं `<>` न वापरता `EXACT` वापरायला कारण आहे. तुलना करताना शीट रिकामा सेल आणि 0 यांना सारखंच मानते. तुमच्या रिप्लेसने शून्याचे सेल रिकामे झालेत. एखाद्या सहकाऱ्याने तिथे परत 0 टाकलं असेल तर `<>` ला तो बदल दिसणारच नाही. `EXACT` ला दिसतो.

शेजारच्या कॉलममध्ये ‘नंतर’ मधले A, B, C आणि ‘साठा’ मधला C आणा, मग फिल्टर लावून फक्त ‘बदल’ लिहिलेल्या ओळी ठेवा. नावांच्या B आणि दराच्या D कॉलमसाठीही हेच करा. यादी तयार झाली की ती कॉपी करून दुसरीकडे फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा (`Ctrl+Shift+V`). ही पायरी विसरू नका. फॉर्म्युल्यांची यादी जिवंत असते, तुम्ही ‘साठा’ दुरुस्त करायला लागलात की तिच्यातल्या खुणाही बदलत जातील.

अमुक ओळीपासून खाली सगळ्याच ओळींवर ‘बदल’ दिसला तर कोणीतरी मध्ये ओळ घातली किंवा काढली आहे. तेव्हा ओळीच्या जागेवरून तुलना करता येत नाही. वस्तू क्रमांकावरून करा. तुमचा A कॉलम सॉर्टमध्ये हलला नाही, म्हणून तो अजून विश्वासार्ह आहे:

```
=IF(EXACT('साठा'!C2, VLOOKUP('साठा'!A2,'नंतर'!A:C,3,FALSE)),"","बदल")
```

आता समजा यादीत अशी एक ओळ आली. ओळ ५७. ‘नंतर’ मध्ये तिथे नाव ‘बोल्ट ८ मिमी’ आणि शिल्लक २५. आजच्या शीटमध्ये तिथे २० आहे. ‘आधी’ टॅब उघडून बघा. ओळ ५७ मुळात वॉशरची होती आणि त्याची शिल्लक २५० होती, शून्य जाऊन तिचे २५ झाले. बोल्टची मूळ ओळ १९ आणि मूळ शिल्लक २०५, तिचेही रिप्लेसमध्ये २५ झाले होते. तुमच्या सहकाऱ्याला काही विचित्र का वाटलं नाही ते इथे कळतं. चुकीच्या ओळीतही आकडा ओळखीचाच दिसत होता.

हा २० कुठे न्यायचा हे शीट सांगू शकत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. दोन प्रश्न विचारा. ओळ नावावरून शोधली होती की वस्तू क्रमांकावरून? आणि आकडा मोजून टाकला होता की समोर दिसणाऱ्या आकड्यातून वजा करून?

नावावरून शोधून ५ नग वजा केले असतील, तर व्यवहार बोल्टचा आहे आणि त्याचा खरा अर्थ ‘बोल्ट ५ ने कमी’ एवढाच. ओळ १९ मध्ये २०५ वजा ५, म्हणजे २०० यायला हवेत, आणि ओळ ५७ वर वॉशरचे २५० परत जायला हवेत. वीस हा आकडा कुठेच राहत नाही. क्रमांकावरून शोधून ५ वजा केले असतील, तर व्यवहार वॉशरचाच आहे. मग ओळ ५७ मध्ये २४५ येतील आणि बोल्टला हात लावायचा नाही. आणि प्रत्यक्ष मोजून २० टाकले असतील, तर २० हा आकडा तसाच त्या वस्तूच्या मूळ ओळीत जाईल, आधीची शिल्लक काहीही असो. दराच्या बाबतीत सोपं असतं, कारण दर कोणी वजाबाकी करून टाकत नाही. तिथे फक्त पहिला प्रश्न पुरतो.

कोणी काय बदललं हे नक्की आठवत नसेल तर त्या सेलवर उजवं क्लिक करून `Show edit history` बघा. नाव, वेळ आणि आधीचा आकडा मिळतो. पाच-दहा सेलसाठी ते उत्तम आहे, शंभर सेलसाठी त्याच्या नादी लागू नका.

नावावरून मूळ ओळ शोधायला हे वापरा, म्हणजे प्रत्येक बदलापुढे वस्तूचा खरा क्रमांक येईल:

```
=INDEX('आधी'!A:A, MATCH('नंतर'!B57,'आधी'!B:B,0))
```

एकच नाव दोन वस्तूंना असेल तर हे पहिलीचा क्रमांक देऊन गप्प बसतं. शंका असेल तिथे `COUNTIF` ने नाव किती वेळा आलंय ते मोजा. एकापेक्षा जास्त असेल तर पुन्हा माणसालाच विचारा.

यादीपुढे प्रत्येक बदलाचा निर्णय लिहून झाल्यावरच ‘साठा’ ला हात लावा. ‘आधी’ मधून B2 ते D313 एवढा भाग कॉपी करा आणि ‘साठा’ मध्ये त्याच जागी मूल्यं म्हणून पेस्ट करा. सगळा टॅब बदलून ‘आधी’ लाच ‘साठा’ म्हणणं सोपं वाटेल, पण दुसऱ्या टॅबमधले जे फॉर्म्युले ‘साठा’ कडे बोट दाखवतात ते जुना टॅब काढताच `#REF!` होतील. म्हणून टॅब तोच ठेवायचा, आतला मजकूर बदलायचा. ३१४ ते ३२६ या नव्या ओळी सहकाऱ्यांनी नाव, नग, दर सगळं एकत्र टाकून केल्यात, त्या बरोबर आहेत, त्यांना स्पर्श नको. मग यादीतले बदल एकेक करून त्यांच्या खऱ्या ओळीत टाका. मध्ये ओळ घातली गेल्याचं आढळलं असेल तर मात्र हे पेस्ट जागेवरून करू नका, तेही A वरून `VLOOKUP` लावूनच आणा.

E कॉलम शेवटी घ्या. कुठला सेल फॉर्म्युला आहे आणि कुठला नुसता आकडा हे डोळ्यांना कळत नाही, पण एका मोकळ्या कॉलममध्ये `=ISFORMULA(E2)` लिहून खाली ओढलं की जिथे `FALSE` येईल तिथे फॉर्म्युला गेलेला आहे. E2 सरळ खालपर्यंत ओढण्याआधी हीच तपासणी ‘आधी’ टॅबवरही करा. पुष्कळ शीटमध्ये दोन-चार ओळींत कोणीतरी मुद्दाम हाताने रक्कम टाकलेली असते, खास दर असतो किंवा एखादी सवलत. ‘आधी’ मध्येही `FALSE` असलेल्या ओळी तशाच सोडा. ‘आधी’ मध्ये `TRUE` आणि आज `FALSE` असेल तेवढ्याच ओळींत फॉर्म्युला परत आणा.

तुमची फाइल एक्सेलची असती तर विचार हाच, पायऱ्या थोड्या वेगळ्या. एक्सेलमध्ये सेव्ह केल्यावरही अनडू राहतं, फाइल बंद केल्यावर जातं. १०० पायऱ्यांपर्यंत मागे जाता येतं, मात्र शीट बदलणारा एखादा मॅक्रो मध्ये चालला तर सगळी साखळी पुसली जाते. फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तर `File > Info > Version History` मध्ये जुन्या आवृत्त्या मिळतात. तिथेही रिस्टोर न करता जुनी आवृत्ती उघडून वेगळ्या नावाने सेव्ह करा. फाइल नुसती संगणकाच्या डिस्कवर असेल तर एक्सेलकडे असा इतिहास नसतो. मग बॅकअप किंवा कोणाला ईमेलने पाठवलेली जुनी प्रत हाच आधार.

एक्सेलच्या रिप्लेसची एक खोड मात्र लक्षात ठेवा. गुगल शीट्स तुम्ही सांगितल्याशिवाय फॉर्म्युल्यांच्या आत रिप्लेस करत नाही, एक्सेल करतं. 0 काढलं तर `=C20*D20` चं `=C2*D2` होतं. `#VALUE!` किंवा `#NAME?` दिसला तर बरं म्हणायचं, निदान कळतं तरी. इथे काहीच दिसत नाही, विसाव्या ओळीत दुसऱ्या ओळीची रक्कम शांतपणे बसलेली असते.

शेवटी तपासणी. पुष्कळ जण C ची बेरीज जुळली की सुटकेचा निःश्वास टाकतात. बेरजेने रिप्लेसची चूक पकडता येते, सॉर्टची नाही, कारण ओळी कितीही हलल्या तरी बेरीज तीच राहते. म्हणून दोन वेगळ्या तपासण्या करा. पहिली जागांची:

```
=SUMPRODUCT(--('साठा'!B2:B313<>'आधी'!B2:B313))
```

उत्तर 0 यायला हवं. सहकाऱ्यांनी एखादं नाव मुद्दाम सुधारलं असेल तर तेवढाच आकडा येईल, आणि ती नावं तुमच्या माहितीतली असतील. दुसरी बेरजेची. समजा ‘आधी’ मध्ये C ची बेरीज १८,४६० होती, तुमच्या यादीतल्या निर्णयांचा निव्वळ परिणाम उणे ३७ आहे आणि नव्या १३ ओळींत मिळून ४१० नग आहेत. मग आज C ची बेरीज १८,८३३ यायला हवी. ती १८,८२८ आली तर कुठलातरी ५ नगांचा व्यवहार दोनदा वजा झालाय. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा अशा ओळीत सापडतो जिथे सहकाऱ्याने मोजून टाकलेला आकडा आपण वजाबाकी समजून बसलो.

दोन्ही तपासण्या जुळल्यावर या अवस्थेला ‘दुरुस्त सोमवार’ असं नाव द्या आणि सहकाऱ्यांसाठी शीट मोकळी करा. ‘आधी’, ‘नंतर’ आणि ‘फरक’ हे टॅब लगेच पुसू नका, लपवून ठेवा. आठवडाभरात कोणीतरी नक्की येऊन सांगेल की वॉशरचा आकडा चुकलाय, आणि तेव्हा उत्तर त्या ‘फरक’च्या यादीतच सापडेल.